ठमामावशीचं वय

ठमामावशीला मी घोषणा वाचून दाखवली, तेव्हा ती माझ्या ओट्यावरचा कुकर घासत होती.

"श्रमाच्या सायंकाळी स्वावलंबनाची सावली!"

"म्हंजे काय ओ बाई?"

बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा? पण तिनं विचारला. मी समजावलं, की कामवाल्या बाया, ड्रायव्हर, भाजीवाले यांच्यासाठी सरकारनं नवी पेन्शन काढली आहे. अठरा ते चाळीस वयात नाव नोंदवायचं, दर महिन्याला वयाप्रमाणे थोडी रक्कम बँकेतून आपोआप कापली जाणार, सरकार तेवढीच घालणार आणि साठीनंतर महिन्याला तीन हजार.

"मंग असं सरळ बोला ना! सावली कशाला पायजे? सावली खायाची हाय का?"

कपाळावर हात मारला मी. सत्यजीत काळे म्हणजे आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी रविवारी हॉलमध्ये नोंदणी ठेवली होती आणि पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं होतं. चार रात्री जागून मी यमकं जुळवली होती. ठमामावशीनं साबणाच्या हातानं सगळी निकालात काढली. मग तिनं सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. पाट्या अशा झाल्या:

'हात थांबले तरी चूल थांबनार नाय.'

'तू भर, सरकार पन तेवढंच भरंल.'

'अठरा ते चाळीस? आधार आन पासबुक घेऊन ये.'

मी 'थांबणार नाही' असं सुधारायला गेले, तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या. बायांना शाळेत वाटंल." राहू दिलं. माझ्या जिवावर आलं, पण राहू दिलं.

आता ठमामावशी म्हणजे कोण, तर आमच्या गेटवरची सर्वोच्च सत्ता. राहायला जवळच्याच विचुंबे गावात. अंगानं थोराड, केस लवकर पिकलेले, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर भांडी पडावीत. गेटजवळच्या बदामाखाली एकच प्लॅस्टिकची खुर्ची, ती तिची. बाया खाली कट्ट्यावर. कुणाचं भांडण झालं की ती म्हणायची, "माजी पन्नाशी झाली, मना शिकवता?" की सगळ्या गप्प. बुधाजी, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, दर दसऱ्याला तिच्या पाया पडायचा. माझ्याकडे ती २००७ मध्ये आली. तेव्हा मी नोकरीत होते. वॉचमनला बजावलं होतं, "घर बाईच्या हवाली करून शाळेत जाते मी. पोरीसोरी पाठवू नकोस. पस्तिशीपुढची, पोक्त बाई बघ." दुसऱ्या दिवशी ही दारात उभी. वय विचारलं, तर म्हणाली अडतीस. मी चावी दिली.

म्हणजे आता पन्नास. तिला ही पेन्शन मिळणार नव्हती, याचं मला वाईट वाटायचं. मी स्वतः दर महिन्याला पेन्शन घेते. पहिल्या तारखेला पासबुक भरून आणताना बँकेच्या पायऱ्यासुद्धा मला कमी वाटतात. आणि ही बाई? गुडघे गेले की काय खाणार? मी एकदा बोलून दाखवलं, तर ती भांडी जोरात आपटू लागली.

पण प्रचार असा केला, की काय सांगू! पाटी घेऊन जिन्याजिन्यात फिरली. "ए, नटायला पैसे हायत, म्हातारपनाला नायत?" असं भर गेटवर सुनावायची. रविवारी हॉलमध्ये दीडशे माणसं. काळे स्वतःचीच पाठ थोपटत हिंडत होते.

नोंदणीला जीवन नावाचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. आधारवरचं नाव, जन्मतारीख, पासबुक, मोबाईल नंबर, पहिला हप्ता रोख, फॉर्मवर सही की हातात कार्ड. बुधाजी एकोणचाळीस निघाला, त्याला महिना एकशे नव्वद. ठमामावशी दारात उभी राहून रांग लावत होती. तिच्या काखेत एक प्लॅस्टिकची पिशवी होती, ती सकाळपासून खाली ठेवली नव्हती.

मग गुणाबाईचा नंबर आला. गुणाबाई म्हणजे पावडर, गजरा आणि वय पस्तीस. गेली दहा वर्षं पस्तीसच. जीवन म्हणाला, "ताई, आधारवर त्रेचाळीस आहे. चाळीसच्या पुढे घेत नाहीत."

"आधार येडं हाय!" गुणाबाई भडकली. पण थोड्या वेळानं खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. "ह्ये आधी का नाय काढलं ओ?" मला फार वाईट वाटलं.

हॉल निम्मा रिकामा झाल्यावर ठमामावशी टेबलाशी वाकली आणि पिशवी पुढे सरकवली. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. जीवनचं मात्र साऱ्या हॉलला ऐकू गेलं.

"अहो मावशी, तुम्ही तर अडतीसच्या! एकशे ऐंशी भरा."

मग बुधाजी ओरडला, "अगं ए! सात दसरे तुज्या पाया पडलो मी! मी मोठा हाय तुज्याहून!"

गुणाबाई डोळे पुसून उभी राहिली. "आन मी? मी उठून तुला जागा द्यायचे, मावशी म्हनून!"

ठमामावशीचा चेहरा लाल झाला. तिनं आधार ओढून घेतलं. "मशीन चुकलंय. आधार चुकलंय. माजी पन्नाशी हाय!"

जीवन शांतपणे म्हणाला, "चुकलं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. पन्नास असेल तर मला घेता येणार नाही. नक्की काय ते सांगा."

काय तो क्षण! हॉलभर तिच्याच प्रजेची माणसं. पन्नास म्हणाली तर खुर्ची राहणार होती, तीन हजार जाणार होते. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल. मागच्या भिंतीवर तिचीच पाटी होती, हात थांबले तरी चूल थांबनार नाय. तिनं ती बघितली.

"आडतीस," ती म्हणाली. "खरी आडतीस."

"मंग खोटं का बोललीस?" गुणाबाईनं विचारलं.

तिनं गुणाबाईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "सव्वीसची व्हते. नवरा घरात पडून, पोर कडेवर. वाचमन बोलला, बाईंना पोरीसोरी नकोत. मंग बारा वर्सं वाडवली. चावी भेटली. मंग कमी कशी करनार?"

माझी मान खाली गेली. अर्धा हॉल माझ्याकडे बघत होता. बारा वर्षं जी पोक्त बाई पोक्त बाई म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, ती मीच म्हातारी करून घरात घेतली होती.

तिनं सही केली. चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर जपून काढलं. कार्ड पिशवीत घातलं, पिशवी पुन्हा काखेत.

सोमवारी सकाळी गेटवर गेले, तर बदामाखालच्या खुर्चीत गुणाबाई. गजरा नव्हता. ठमा खाली कट्ट्यावर.

"मीच बोलले, बस," ठमा म्हणाली. "तिला पेन्शन नाय भेटली. खुर्ची तरी भेटू दे."

गुणाबाईनं पाय लांब केले. "ठमे, पानी आन गं."

ठमा उठली आणि पाणी आणायला गेली.