तयारीवर अडकलेला आवाज

माझ्या थोरल्या भावाला लिहिता येत नव्हतं. मेंढरांमागं फिरताना तो चॅटवर आवाजातच निरोप पाठवायचा. तो गेला, आणि वर्षभरात माझ्या फोनच्या पडद्यावर रेघा आल्या. फोन बंद पडायच्या आत त्याचे निरोप जपावेत म्हणून चॅटचा बॅकअप लावला, तर तो तीन दिवस ‘तयारी सुरू आहे’वरच अडकलेला. मी जुन्या जालन्यातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकानातल्या बाईंनी आधी फोनमधली जागा पाहिली. “ताई, बॅकअप पहिले फोनातच नक्कल बनवतो, मंग वर गुगलच्या खात्यात पाठवतो. इथं नकलेलाच जागा न्हाई. शून्य टक्क्यावर अडकला असता तर मी वायफाय आन् गुगल खात्यातली जागा बघितली असती.”

“त्याचे निरोप पुसले जातील का?”

“बिलकुल न्हाई. फक्त व्हिडिओ हलवते.”

त्यांनी व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून फोनमधले काढले, वायफाय जोडलं आणि बॅकअप पुन्हा सुरू केला. तयारी संपली. एक टक्का, दोन टक्के. बाहेर रिक्षांचा गोंगाट होता, मी आकड्याकडेच बघत होते. माळावर वाऱ्यात बोललेले त्याचे शब्द माझ्या हातातून कुठंतरी दूर, न दिसणाऱ्या जागी सुखरूप चालले होते. शंभर होईपर्यंत मी उभीच राहिले.