दोन सारखे पर्याय आणि एक हरकत

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला मी बसले तेव्हा माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि अंगात हुशारी तर इतकी होती की प्रश्न वाचायचीही गरज वाटत नसे. चार पर्याय दिसले की उत्तर आपोआप डोळ्यांत भरायचं. ही दैवी देणगी घेऊन मी चार वेळा नापास झाले. दर वेळी दोन-तीन गुणांनी. दर वेळी घरी येऊन सांगायचे, पेपर काढणाऱ्यालाच काही येत नाही. नवरा मान हलवायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आमची अभ्यासिका शाहूपुरीत, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर होती. साठ खुर्च्या, साठ लाकडी कप्पे, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आणि तिच्याच खाली चाललेली कुजबूज. मी उचगावहून स्कूटीवर यायचे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक कुरुंदवाडची मुलगी बसायची. जैन शेतकऱ्याच्या घरातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, रोज एसटीनं ये-जा करणारी. मी एका तासात शंभर प्रश्न सोडवायचे, ती तीस सोडवायची. मला तिची दया यायची. माझे शंभरातले बासष्ट बरोबर यायचे आणि तिचे तिसातले अठ्ठावीस, पण एवढ्या बारीक गोष्टीकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

ती प्रश्न सोडवताना डावा पंजा पर्यायांवर ठेवायची. पर्याय झाकून टाकायची, आणि मग ओठ हलवत नुसता प्रश्न वाचायची. पहिलीतल्या पोरासारखं ते ध्यान बघून मला हसू यायचं. एकदा मी न राहवून म्हटलं, "अगं, पर्याय काय उडून जाणार आहेत?"

"उडत न्हाईत ताई, वडतात," ती म्हणाली. "आधी पर्याय बघितला की प्रश्न आपल्याला पायजे तसा वाचला जातोय."

मग तिनं माझीच वही ओढली. त्यात एक प्रश्न होता, जो मी नुकताच मोठ्या दिमाखात चुकवला होता. राष्ट्रपतींवरील महाभियोगाच्या ठरावावर कोण मतदान करतात? एक पर्याय होता, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य. दुसरा, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य. मी दुसऱ्यावर खूण केली होती, कारण राष्ट्रपती म्हटलं की निवडून आलेले सदस्य, हे मला झोपेतही पाठ होतं.

"ह्या दोन्हीत सारखं हाय ते खोडा," ती म्हणाली. मी नाइलाजानं पेन्सिल फिरवली. संसद गेली, दोन्ही सभागृहं गेली. उरलं एका बाजूला 'सर्व' आणि दुसऱ्या बाजूला 'निवडून आलेले'.

"आता प्रश्नाकडं जावा आणि त्येला इचारा, ह्यातलं तुला कुठलं पायजे."

प्रश्नात महाभियोग होता. मी निवडणूक वाचली होती. राष्ट्रपतींना निवडून देताना नियुक्त सदस्यांना मत नसतं, पण त्यांना काढून टाकताना असतं, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही चुकले होते. चुकीचा पर्याय खोटा नव्हताच, तो दुसऱ्याच एका प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर होता. चार वर्षं मी अशी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं देत फिरत होते, आणि वर पेपर काढणाऱ्याची अक्कल काढत होते.

एवढं कळल्यावर माणसानं आभार मानावेत. मी म्हटलं, "बरं आहे, पण वेळ फार जातो."

तरी हळूहळू मी पंजा ठेवायला लागले, आधी ती चहाला गेलेली असताना, मग तिच्यासमोर. गत्यंतरच नव्हतं. माझ्या वयाची अट त्या वर्षी संपत होती. ही परीक्षा गेली की मी कायमची घरी, आणि सासरच्या प्रत्येक लग्नात 'पूर्वी अभ्यास करायची' अशी माझी ओळख. त्या कल्पनेनं माझी झोप उडायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, तिला मात्र सांगितलं होतं.

परीक्षा झाली. पेपर संपल्यावर सगळी अभ्यासिका खालच्या टपरीवर जमते आणि प्रश्नपुस्तिका उघडून उत्तरांवर भांडते. हे भांडण परीक्षेपेक्षा जास्त वेळ चालतं आणि त्याला गुण नसतात. त्या दिवशी सगळे एका प्रश्नावर अडकले. उपराष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याचा ठराव सर्वप्रथम कोठे मांडावा लागतो? पर्याय एक, लोकसभेत. दोन, राज्यसभेत. तीन, राज्यसभेत व त्यानंतर लोकसभेत. चार, दोन्हींपैकी कोणत्याही सभागृहात.

पहिला सरळ चूक. चौथा राष्ट्रपतींच्या बाबतीतला. भांडण होतं ते दोन आणि तीनवर. मी दोनवर खूण केली होती. परीक्षागृहात पंजा ठेवून वाचलं तेव्हा 'सर्वप्रथम' हा शब्द नीट दिसला होता. ठराव राज्यसभेत मांडतात, तिथं तो मंजूर झाल्यावर लोकसभेची संमती लागते. म्हणजे तिसऱ्या पर्यायात लोकसभेचं नाव आलंय ते उगाच नाही, पण तो सगळा प्रवास सांगतो, आणि विचारलंय फक्त सुरुवात कुठून ते.

पण टपरीवरच्या बहुतेकांनी तीन लिहिलं होतं. लांब उत्तर जास्त खरं वाटतं, असा आपल्याकडे समज आहे.

"तू काय लिहिलंस?" मी तिला विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "शेवटची धा मिंटं ऱ्हायलीती. हात ठेवायचा ऱ्हायला."

तेवढंच बोलून तिनं पुस्तिका पिशवीत घातली आणि कुरुंदवाडची गाडी पकडायला निघून गेली.

आठ-दहा दिवसांनी पहिली उत्तरतालिका आली. त्यात उत्तर दोन होतं. गुण मोजले तर मागच्या वर्षी निवड जिथं थांबली होती त्या रेषेच्या मी अगदी काठावर होते. तो एक प्रश्न धरला तर आत, नाही धरला तर बाहेर. ती माझ्याच मागे एका गुणानं होती. तो प्रश्न रद्द झाला असता तर माझा गुण जाणार होता आणि आम्ही दोघी एका पायरीवर येणार होतो.

आणि इथं आमचे साहेब उभे राहिले. साहेब म्हणजे अभ्यासिकेतले सगळ्यात जुने परीक्षार्थी. बारा वर्षं अभ्यास, एकदाही निवड नाही, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार आपसूकच त्यांच्याकडे आला होता. त्यांनीही तीन लिहिलं होतं. त्यांनी जाहीर केलं की दोन्ही पर्याय बरोबर आहेत, सबब प्रश्न रद्द झाला पाहिजे, आणि सगळ्यांनी परीक्षा घेणाऱ्यांकडे हरकत पाठवायची. एका मार्गदर्शक पुस्तकाच्या पानाचा फोटोही आला. त्यात 'ठराव राज्यसभेत व त्यानंतर लोकसभेत' असं ठळक अक्षरात छापलं होतं. छापलेलं म्हणजे पुरावा.

फक्त हरकतीचा मजकूर लिहायचा बाकी होता. तो कोण लिहिणार, यावर चर्चाच झाली नाही. मागच्या वर्षी कुरुंदवाडच्या मुलीनं लिहिलेली हरकत मान्य होऊन उत्तर बदललं होतं. तिचा मजकूर म्हणजे एकेक शब्द तोललेला, मुद्द्याला मुद्दा. तो एकदा तयार झाला की चाळीस जण आपापल्या नावानं तोच पाठवणार, अशी आमच्या स्वतंत्र विचारांची परंपरा होती.

साहेब तिच्या टेबलाजवळ आले. "तुझापण फायदाच हाय की ह्यात," ते म्हणाले. "लिव जरा चांगलं. दोन्ही पर्याय बरोबर कसे, ते दाखव."

मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. माझ्यासमोर इतिहासाचं पुस्तक उघडं होतं आणि त्यातली एकही ओळ मला दिसत नव्हती. ती लिहू शकली असती, मला माहीत होतं. तिनं मनात आणलं असतं तर तिसरा पर्याय असा सजवला असता की तपासणाऱ्यालाही घाम फुटला असता. मला ओरडून सांगायचं होतं, नको लिहूस, माझं हे शेवटचं वर्ष आहे. पण कुठल्या तोंडानं सांगणार? तीही वर्षभर त्याच एसटीत धक्के खात आली होती. मी पानावर बोट फिरवत राहिले, जणू मी खूपच अभ्यासू बाई आहे.

तिनं पुस्तिका काढली. सवयीनं पंजा पर्यायांवर ठेवला आणि प्रश्न मोठ्यानं वाचला. मग पंजा उचलला.

"दोन आणि तीनमध्ये सारखं काय हाय? राज्यसभा. ती खोडली की तीनमध्ये उरतंय 'त्यानंतर लोकसभेत'. प्रश्न इचारतोय सर्वप्रथम. त्यानंतर म्हंजे सर्वप्रथम न्हवं. दोन्ही बरोबर कसं हुतील?"

"अगं पण पुस्तकात छापलंय की!"

"पुस्तकाला कुणी सर्वप्रथम इचारलं न्हवतं. मी चुकलोय. लिवणार न्हाय मी."

साहेब वैतागले. त्यांनी स्वतःच मजकूर लिहिला, त्यात संविधानापेक्षा संताप जास्त होता, आणि चाळीस जणांनी तो पाठवला. अंतिम उत्तरतालिकेत उत्तर दोनच राहिलं.

निवड यादी आली. माझं नाव शेवटून तिसरं होतं. तिचं नव्हतं. घरी सगळे नाचले. नवऱ्यानं टीव्ही बंद केला, हा आमच्या घरातला सर्वोच्च सन्मान आहे. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं की सुनेची बुद्धी पहिल्यापासूनच तल्लख, आणि मी ते ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी मी नृसिंहवाडीला जाऊन दर्शन घेतलं, पेढे घेतले आणि तिथूनच कुरुंदवाडला तिच्या घरी गेले. ती ओसरीवर नव्या भरतीच्या जाहिरातीतला अभ्यासक्रम वाचत बसली होती. तिनं पेढा घेतला, आईला हाक मारून चहा टाकायला लावला आणि मला नोकरी कुठल्या तालुक्यात मिळणार ते विचारलं. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते. त्याऐवजी मी म्हटलं, "तू ती हरकत लिहायची टाळलीस, ती माझ्यासाठीच ना?"

"तुमच्यासाठी कशाला?" ती म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "उत्तर दोनच हुतं की."

मग तिनं मला विचारलं, अगदी सहज, चहाची कपबशी पुढं करत, "तुम्ही माझ्या जागी असता तर लिवली असती व्हय?"

मी म्हटलं, "छे गं, मी कशाला लिहीन." तिनं लगेच विश्वास ठेवला आणि पुन्हा अभ्यासक्रमाकडे वळली. मी लिहिली असती. रात्रभर बसून, पानाच्या फोटोसकट, सुवाच्य अक्षरात लिहिली असती, आणि तिचं नाव यादीतून गेल्यावर तिला भेटायलाही गेले नसते.