गोलकीपरच्या पाठीमागे

क्लबच्या गोलकीपरसमोर प्रतिस्पर्ध्यांना संधी ढीगभर मिळायच्या, गोल मात्र क्वचितच व्हायचे. "हात सोन्याचे आहेत त्याचे!" प्रशिक्षक म्हणाले.

आकडेवारी सांभाळणाऱ्या ताईंना ते पटेना. "गोलच्या चौकटीत आलेला प्रत्येक फटका कुठे नि किती जोरात आला, त्यावरून अपेक्षित गोल काढले. त्यानं खाल्लेही तेवढेच. म्हणजे अडवण्यात तो साधारणच. बाकीचे फटके बाहेरच जातात."

"का?"

पूर्वी त्याच्याविरुद्ध खेळलेल्या स्ट्रायकरला ताईंनी विचारलं. तो कसनुसा हसला. "पाय उचलला की त्याच्यामागे जाळीत कुणीतरी उभं दिसतं. नेम आपोआप चुकतो."

ताईंनी व्हिडिओ पुन्हा पाहिले. जाळी रिकामीच होती. शेवटी त्यांनी गोलकीपरलाच गाठलं.

तो हळूच म्हणाला, "मी कधीच मागे वळून बघत नाही, ताई."