पूर्व म्हणजे उगवती

कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करताना मी शब्दाला अडत नाही, हा माझा जुना माज. पुंडलिकनगरातल्या माझ्या टेबलावर वकीलसाहेबांनी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याची पानं ठेवली, तेव्हाही म्हटलं, "दोन दिवसांत देते."

काम कन्नड तालुक्याच्या डोंगरातल्या एका भिल्ल वस्तीचं होतं. तिच्या वनजमिनीवर पर्यटन प्रकल्प येणार होता. चराई, सरपण, देवाचं ठाणं, सगळं त्यात जात होतं. ग्रामसभेची संमती घ्यायला अधिकारी आठवड्यानं येणार होते.

"जाहीरनाम्याच्या बाजूनं भारतानं मत दिलंय, पण तो कायद्यासारखा बांधत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आपला जोर वनहक्क कायदा आणि ग्रामसभेच्या ठरावावर. पण लोकांना हक्क कळला पाहिजे."

मी झोकात लिहिलं, 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती.' वस्तीवर लिंबाखाली बसून वाचूनही दाखवलं.

पुढं बसलेल्या आजीनं विचारलं, "पूर्व म्हंजी उगवतीकडची का, बाई? आमचं रान तर मावळतीला हाय."

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले. इतकी वर्षं मी नेमकी कुणासाठी लिहीत होते?

"पूर्व म्हणजे आधी, आजी. काम ठरायच्या आधी विचारायचं. दबाव नाही, लालूच नाही, सगळी माहिती तुम्हाला समजेल अशी द्यायची."

"आन् आमी नाय म्हणलं तर?"

"तर नाही. तोही हक्कच."

"मंग असं लिव्ह की!"

सभेच्या दिवशी अधिकारी गोड बोलले. हजेरीच्या रजिस्टरावर अंगठे झाले. मग ग्रामसेवकानं ठराव वाचला, 'सर्वानुमते संमती देण्यात येत आहे.' टाईप केलेला, फक्त तारखेची जागा कोरी.

आजी उठली. "साहेब, ह्यो कागद कवा लिव्हला?"

"काल, आजी," अधिकारी म्हणाले. "तुमचा वेळ वाचावा म्हणून."

"म्हंजी आमी व्हय म्हणायच्या आधी आमचं व्हय लिव्हून ठिवलं!" ती माझ्याकडं वळली. "बाई, ह्येलाच पूर्व म्हणत्यात का?"

कुणी हसलं नाही. मला तिचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

टाईप केलेला कागद वस्तीनं नाकारला. ग्रामसेवकानं लोक सांगतील तसा दुसरा हातानं लिहिला. प्रकल्पाचा नकाशा आणि अहवाल वस्तीच्या बोलीत समजावून सांगा, मग विचारा; आज संमती नाही. आजीनं तो दोनदा वाचून घेतला, मगच अंगठा दिला.

घरी येऊन मी माझ्या पानावरचं 'पूर्व' खोडलं आणि लिहिलं, 'आधी विचारून'.

"कोर्टात 'पूर्व'च शोभतं हो," वकीलसाहेब म्हणाले.

"शोभत असेल," मी म्हटलं, "पण अंगठा आजीचा आहे."