पलंगाखालचा डबा

सुलावहिनी माझी भावजय. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत उडदाचा पापड लाटावा तर तिनेच, असं सगळ्या बायका म्हणत. यंदा उन्हाळ्यात तिने नातीच्या, हर्षालीच्या लग्नासाठी दोन डबे पापड लाटले, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिचा उजवा हात लुळा पडला. हे तिच्या हातचे शेवटचे पापड, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

दिवाळी झाली, लग्न तोंडावर आलं. सकाळी मी वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा तिची सून अंजली पलंगाखालचा डबा स्वयंपाकघरात आणून उघडत होती. झाकण निघताच कुबट वास आला. पापड वाकत होता, मोडत नव्हता. वर काळे ठिपके.

"मिरी आहे ती," वहिनी म्हणाली.

अंजलीने पांढऱ्या फडक्याने ठिपका पुसला. मिरी जागची हलली नसती. हा ठिपका फडक्यावर हिरवट काळा पसरला.

"आई, बुरशी आहे."

"मग पुसून उन्हात घाल. उकळत्या तेलात काय राहतंय?"

"बुरशी मरेल, तिचं विष राहील. पंगतीत वाढायचेत हे."

"कालची आलेली तू, मला पापड शिकवतेस?"

"तुमची नात लग्नाला आली, आई. मी अजून कालचीच?"

वहिनी उठली. डाव्या हाताने तिने गॅस पेटवला, मग एक पापड उचलला. "मीच खाते आधी. काय होतंय बघा."

अंजलीने तिचं मनगट धरलं. दोघी सोडेनात. "भाऊजी, सांगा हिला!" वहिनी ओरडली.

त्या घरात मी कधी मधे बोललो नव्हतो. कसंबसं विचारलं, "वहिनी, पावसाळ्यात हा डबा उघडला होता का?"

तिने पापड कट्ट्यावर ठेवला.

"रोज दुपारी उघडायचे," ती हळू म्हणाली. "नुसती बघायचे. किती पातळ लाटलेत ते."

अंजलीने गॅस बंद केला आणि माळ्यावरचा दुसरा डबा काढला. तो भरल्यापासून कुणी उघडला नव्हता. तिने झाकण काढलं. पापड जरा नरम होते, पण वास नव्हता. अंजलीने एकेक पापड दोन्ही बाजूंनी पाहिला. फडकं पांढरंच राहिलं.

"हे उन्हाने सुधारतील," ती म्हणाली. "आणि आई, पहिल्या डब्यातले डाग नसलेले..."

"नको." वहिनीनेच तो डबा पायाने दूर सारला. "एकमेकांना चिकटून होते. सगळे टाक. गाईलाही घालू नकोस."

चांगले पापड दिवसभर गच्चीवर कडक वाळले. पूर्ण गार झाल्यावरच वहिनीने ते कोरड्या डब्यात भरू दिले.

"भाऊजी, हा तुमच्याकडे न्या," ती म्हणाली. "मी मागितला तरी देऊ नका."

लग्नापर्यंत तिने दोनदा मागितला. मी दिला नाही.