सुधाच्या आधी केलेली सही

जयश्री तलासरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायची आणि राहायची डहाणूत. शाळा सुटली की जीपने घरी यायचं, चहा घ्यायचा आणि साडेसहाच्या लेडीज बॅचला जिममध्ये जायचं, असा तिचा नेम होता. शेजारच्या बिल्डिंगमधली सुधाही त्याच बॅचला असायची. सुधाचा नवरा रेल्वेत होता आणि ती घर सांभाळायची. दोघींनी एकाच दिवशी वर्षाची फी भरली होती.

सहा महिन्यांत सुधाचं वजन इतकं उतरलं की बाजारात बायका तिला थांबवून विचारू लागल्या. जयश्रीला कोणी काही विचारत नव्हतं. एकदा जेवताना तिचा नवरा रविंद्र सहज म्हणाला, "सुधावहिनींनी कमाल केली हं." तिने उरलेली पोळी बाजूला सारली. आपण दिवसभर पन्नास पोरांसमोर उभं राहतो, प्रवास करतो. ती घरात बसून असते, मग तिचं होणारच, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण जिममध्ये सुधा आरशासमोर उभी राहिली की जयश्रीचं लक्ष आपल्या पोटाकडे जायचं आणि मग सुधाच्या कमरेकडे.

२०१८च्या दिवाळीनंतर एके दिवशी दोघी जिमवर पोचल्या, तर दारावर छापील कागद लावलेला होता. डहाणूची शाखा महिनाअखेरीस बंद होणार, सभासदांना बोईसर शाखेत सामावून घेतलं जाईल, असं त्यात होतं. आत मॅनेजर मनिषभोवती सगळे जमले होते.

"आमचे पैसे परत द्या," कोणीतरी म्हणालं.

"फी परत मिळत नाही, ते तुमच्या करारातच आहे," मनिष शांतपणे म्हणाला. "पण बोईसरला मशीन याच्यापेक्षा भारी आहेत."

सुधा लगेच म्हणाली, "आपण करार घरी जाऊन नीट वाचू आणि सगळे मिळून अर्ज देऊ. वासुदेवकाकांना विचारते मी." वासुदेवकाका तिच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झालेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुधा बोलते आणि सगळे ऐकतात, हे जयश्रीला सहन झालं नाही. शिक्षिका कोण आहे इथे, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

गर्दी पांगल्यावर मनिषने तिला बाजूला घेतलं. "मॅडम, बोईसरला साडेसहाच्या लेडीज बॅचमध्ये एकच जागा उरलीय. सुधाताईंना विचारणार होतो. पण तुमचा मान पहिला. हवी असेल तर आत्ता सही करा. महिनाभर पर्सनल ट्रेनर फ्री."

सुधाचं नाव ऐकलं आणि जयश्रीने विचारच केला नाही. "मीच घेते," ती म्हणाली आणि शाखा बदलण्याच्या संमतीवर सही करून मोकळी झाली. घरी जाताना तिला हलकं वाटत होतं. सुधाला कळेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, हेच ती मनात रंगवत होती.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून अर्ज दिला. करारात दोन कलमं होती. सभासदाने स्वतःहून सोडलं तर फी परत नाही. पण कंपनीने शाखा बंद केली आणि पंधरा किलोमीटरच्या आत दुसरी शाखा नसेल, तर उरलेल्या महिन्यांची फी परत. अट इतकीच की बंद झाल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणी हवी, आणि सभासदाने दुसरी शाखा लेखी स्वीकारलेली नसावी. बोईसर त्याहून लांब होतं. मनिष त्यांना पहिलंच कलम दाखवत होता.

जयश्रीने अर्जावर सही केली नव्हती. "मला बोईसर बरं पडतं," एवढंच ती म्हणाली.

महिना संपला. जयश्री बोईसरला गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. लेडीज बॅच सकाळी अकराची. संध्याकाळी पुरुषांचीच. अकराला ती वर्गात फळ्यासमोर असायची. ती तशीच परत फिरली. परतीची गाडी वाणगाव स्टेशन ओलांडेपर्यंत तिने फोन तीनदा काढला आणि ठेवला. मनिष फोन उचलत नव्हता.

डिसेंबरात सुधाला आणि बाकीच्यांना उरलेल्या महिन्यांची फी मिळाली. सुधाने पेढे वाटले. जयश्रीने पेढा घेतला आणि बाल्कनीतल्या कुंडीत टाकला. नंतर तिची तिलाच लाज वाटली.

तिने लेखी मागणी पाठवली, तर कंपनीचं उत्तर आलं: तुम्ही दुसरी शाखा लेखी स्वीकारली आहे, त्यामुळे परतावा नाही. शेवटी रविंद्रच तिला वासुदेवकाकांकडे घेऊन गेला.

काकांनी करार दोनदा वाचला. "सही केलीत, इथे तुम्ही अडकलात," ते म्हणाले. "पण हे पाहा, दुसऱ्या शाखेत 'समान सुविधा' देऊ असं लिहिलंय. तुमची सुविधा म्हणजे संध्याकाळची लेडीज बॅच. ती तिथे नाहीच. म्हणजे त्यांनी कबूल केलेलं दिलं नाही. वेळापत्रकाचा फोटो जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवू. नाही ऐकलं तर ग्राहक मंच आहे, दोन वर्षांची मुदत आहे. पण मनिषने संध्याकाळची बॅच आहे म्हणून सांगितलं, याला कोणी साक्षीदार?"

"तो फक्त माझ्याशी बोलला."

"त्याच दिवशी, तुमच्या आधी सुधालाही हेच सांगितलं होतं त्याने," काका म्हणाले. "ती म्हणाली होती मला. तिने नकार दिला."

म्हणजे ती जागा सुधाने आधीच सोडलेली होती. जयश्रीने जी हिसकावून घेतली, ती सुधाला नकोच होती. जयश्रीला हसू येईना, रडूही येईना.

दोन दिवस ती सुधाच्या दारापर्यंत गेली आणि वळली. तिसऱ्या दिवशी बेल वाजवली. सुधा मासे साफ करत होती. हात धुऊन बाहेर आली.

"तू लिहून देशील का, मनिष तुलाही तेच बोलला होता म्हणून?"

"देते की. पण ताई, सही करण्याआधी एकदा मला विचारायचंत."

जयश्रीने खोटं सांगायला तोंड उघडलं आणि मग सोडून दिलं. "तुझ्या आधी जागा मिळवायची होती मला."

सुधाने कागद ओढला आणि लिहायला बसली. "माझ्या आधी कशाला?" वर न बघता तिने विचारलं. मग सही करून कागद जयश्रीच्या हातात दिला.

नोटिशीनंतर तीन आठवड्यांत कंपनीने कळवलं की शाखा बदलल्याचा एक महिना वजा करून बाकी फी परत देऊ. काका म्हणाले, त्या महिन्यासाठीही भांडता येईल. जयश्रीने नको म्हटलं. तो महिना आपल्याच सहीचा, असं ती म्हणाली, आणि चेक घेतला.

सुधाने मधल्या काळात पारनाक्याच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या बायकांचा ग्रुप जमवला होता. जयश्रीलाही बोलावलं. ती पहाटे गेली. भरती उतरली होती, वाळू कडक होती. सुधा पुढे, बाकीच्या तिच्या मागे, आणि एक नवी बाई तिला विचारत होती, "तुम्ही इतक्या बारीक कशा राहता हो?" जयश्रीचं लक्ष पुन्हा सुधाच्या कमरेकडे गेलं.

"सुधा, जरा हळू," तिने मागून हाक मारली. "माझ्याने होत नाही एवढं."

सुधा थांबली. जयश्री तिच्याजवळ पोचली, धापा टाकत, आणि दोघी पुढच्या चिखले गावाच्या दिशेने चालू लागल्या.