तीन एप्रिलची मंजुरी

आमच्या मुलुंडच्या शाखेच्या मॅनेजरने मला फसवले. चुकून नाही, जाणूनबुजून. त्यात माझी ऑफिसरची बढती गेली.

मी त्या शाखेत हेड कॅशियर. मालाडच्या बाजारात आईशेजारी बसून सुकी मासळी विकत मोठी झाले. कुणी बोंबलाचा भाव पाडून मागितला तर आई म्हणायची, "पैसे हातात पडल्याबिगर पिशवी सोडायची नाय." मी एकदाच सोडली.

बँकेत क्लार्क म्हणून लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत जेएआयआयबी, ही बँकवाल्यांची पहिली परीक्षा, पास झाले. ते झाल्याशिवाय पुढच्या सीएआयआयबीला बसताच येत नाही. सीएआयआयबीचे पाच पेपर. चार निघाले, फायनान्शियल मॅनेजमेंटने मला एकदा खाली पाडले. दिवसभर नोटा मोजायच्या, घरी येऊन भात लावायचा आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये परकीय चलनाची गणिते सोडवायची. दुसऱ्या वेळी अंधेरीच्या केंद्रावर स्क्रीनवर एकसष्ट गुण दिसले, तेव्हा मी तिथेच खुर्चीवर हात आपटला. पर्यवेक्षक दचकला.

निकाल जानेवारीत लागला. त्याच दिवशी मी प्रमाणपत्र बँकेच्या पोर्टलवर चढवले. आता मॅनेजरने फक्त एक बटण दाबायचे होते. मग क्लार्कला सीएआयआयबीच्या दोन वेतनवाढी मिळतात आणि आमच्या बँकेत बढतीच्या यादीत त्याचे वेगळे पाच गुण धरतात. अट एवढीच की नोंद एकतीस मार्चपर्यंत मंजूर झालेली हवी.

"साहेब, मंजूर करता ना?"

"अहो मॅडम, करतो की! तुमच्या वाढी कुठे पळतायत? निकालाच्या तारखेपासून फरकासकट मिळतील."

हे खरे होते, आणि इथेच माझी चूक झाली. बँकेत वेतनवाढीला उशीर झाला तर कुणी ओरडत नाही, फरक मिळतोच. आम्हा सगळ्यांना तीच सवय. बढतीची नोंद मात्र मागच्या तारखेने होत नाही, हे माहीत असून मी फरकाच्याच हिशेबात राहिले. फेब्रुवारीत विचारले, "हो, हो." मार्चमध्ये विचारले तेव्हा त्याने सौदा टाकला. "मार्चअखेर रजा नको, कॅश तुम्हीच सांभाळा. तुमचं काम माझ्यावर सोडा." मी हो म्हटले. लेखी घेतले नाही. मी, जी बोंबलाच्या वाट्यावरून दहा रुपयांसाठी भांडते!

शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण म्हणाली, "तू रोज पोर्टल उघडून बघत का नाहीस गं? तो गोड बोलतोय म्हणजे काहीतरी शिजतंय."

"तू ना, सगळ्यांवर संशय घेतेस."

"बरं. मग तू विश्वास ठेव. झकास."

मंजुरी तीन एप्रिलला झाली, पण पोर्टलवरची तारीख मी तेव्हा पाहिलीच नाही. एप्रिलच्या पगारात दोन्ही वाढी फरकासकट आल्या. मी पेढे वाटले, त्यालाही दिला. जुलैमध्ये यादी लागली. मी तीन गुणांनी बाहेर. माझे सीएआयआयबीचे पाच गुण धरलेच नव्हते. चेंबूर शाखेतली जी मुलगी मला फोन करून फायनान्शियल मॅनेजमेंट विचारायची, ती आत. तिचा राग नाही. ती आता माझ्यापेक्षा एक वर्ष ज्येष्ठ, आणि हे एक वर्ष निवृत्तीपर्यंत माझ्या पुढे चालणार.

मी केबिनमध्ये गेले.

"मॅडम, कामाच्या गडबडीत लक्षात नाही आलं. पुढच्या वर्षी होईल ना."

"तीन वेळा सांगितलं होतं, साहेब."

"आवाज खाली."

खाली केला नाही. बाहेर रांगेतल्या ग्राहकांनाही ऐकू गेले.

ऑगस्टमध्ये त्याची बोरिवलीला बदली झाली. निरोपाच्या चहाला, हातात समोसा धरून, सगळ्यांसमोर तो हसत म्हणाला, "मॅडमना ऑफिसर होऊन जाऊ दिलं असतं, तर ही शाखा चालली असती का?" ऑफिसर झाले की दुसऱ्या शाखेत बदली होते, हे सगळ्यांना माहीत; लोक हसले. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला, नाहीतर चहाचा कप त्याच्या शर्टावर गेला असता.

मी बँकेच्या मुख्य कार्यालयाकडे तक्रार दिली. अर्जाला पोर्टलवरच्या दोन्ही तारखांची प्रत जोडली: जानेवारीत माझी, एप्रिलमध्ये त्याची. निरोपाचे वाक्यही लिहिले. मैत्रिणीने साक्षीदार म्हणून सही केली. उत्तर दोन ओळींचे आले: अंतिम तारखेनंतरच्या नोंदींचा विचार करण्याची तरतूद नाही.

तरतुदीबद्दल मी विचारलेच नव्हते. नियम मला तोंडपाठ आहेत, त्यावर परीक्षा देऊन पास झाले आहे. मी विचारले होते की माझे प्रमाणपत्र जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कुणाच्या मर्जीने पडून राहिले. पुढच्या वर्षीही मी बढतीला बसेन, ते वेगळे. पण या प्रश्नाखाली मला नाव हवे, पद हवे आणि सही हवी. त्याला केबिनमध्ये नाही, माझ्यासमोर बसवा आणि विचारा. तो उत्तर देत नसेल, तर ज्यांनी त्या दोन ओळी लिहिल्या त्यांनी द्यावे.